निकोटिन गम, काही महिन्यांच्या वापरानंतर: सिगारेट आधी कमी करायच्या की एकदम बंद?

चव, किंमत, 2 आणि 4 मिलिग्रॅममधला फरक सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे ते पुन्हा उगाळत नाही. माझा राग आहे तो पाकिटातल्या कागदावर. त्यातलं वेळापत्रक सिगारेट सोडली त्या दिवसापासून सुरू होतं: पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक गम, पुढचे तीन आठवडे दोन-चार तासांनी, शेवटचे तीन चार-आठ तासांनी. सोडण्याआधीच्या पंधरवड्याबद्दल चकार शब्द नाही. आणि लोकांचे पैसे बुडतात ते नेमके तिथेच. 'हळूहळू कमी करतोय' म्हणत सिगारेटही चालू, गमही चालू, सोडायची तारीख मात्र ठरलेली नाही. म्हणजे खर्च दुप्पट आणि हाती भोपळा.

या पंधरवड्याचीच परीक्षा इंग्लंडमधल्या एका चाचणीत झाली. तिचे निष्कर्ष 2016 साली आले. 697 जणांना दोन आठवड्यांनंतरची सोडायची तारीख दिली. अर्ध्यांनी त्या तारखेपर्यंत नेहमीसारख्याच ओढल्या आणि मग एकदम बंद केल्या. बाकीच्यांनी पहिल्या आठवड्यात निम्म्यावर, दुसऱ्यात पाव हिश्शावर आणल्या आणि त्याच तारखेला थांबले. तारखेआधीपासून निकोटिनचा पॅच दोघांनाही होता, कमी करणाऱ्यांना वर गमसारखी साधनंही होती. चार आठवड्यांनी एकदम सोडणाऱ्यांपैकी 49 टक्के टिकले, कमी करणाऱ्यांपैकी 39. सहा महिन्यांनी 22 आणि 15.5. ही नुसती तोंडी कबुली नव्हती, श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजून पडताळलेली होती.

एवढ्यावर 'हळूहळू म्हणजे स्वतःची फसवणूक' असा शेरा मारून मी मोकळा होणार होतो. पण 1995 सालचा एक अमेरिकन प्रयोग आड येतो. 128 माणसं, म्हणजे प्रयोग लहान, पण त्यात कमी करण्याच्या दोन पद्धती वेगळ्या करून पाहिल्या होत्या. घड्याळ लावून कमी करणाऱ्यांपैकी 44 टक्के वर्षभराने सिगारेटमुक्त होते. मर्जीने कमी करणाऱ्यांपैकी 18. घड्याळ न लावता एकदम सोडणाऱ्यांपैकी 22. आणि 2019 साली कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने 51 चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा कमी करत सोडणं आणि एकदम सोडणं यांत एकूण फरकच दिसला नाही. त्यामुळे मत बदलतो: दोष 'हळूहळू'चा नाही, 'जमेल तसं'चा आहे.

घड्याळ लावणं म्हणजे काय, ते रोज 20 ओढणाऱ्याचं उदाहरण घेऊन पाहू. जागेपणीचे 16 तास धरले तर दर 48 मिनिटांनी एक पडते. पहिल्या आठवड्यात 10, म्हणजे दर 96 मिनिटांनी: 7:00, 8:36, 10:12, असं. दुसऱ्यात 5, म्हणजे दर 3 तास 12 मिनिटांनी. तलफ असो-नसो, गजर झाला की ओढायची. वेळ हुकली तर ती सिगारेट गेली, पुढे जमा होत नाही. चहा, जेवण, ऑफिसबाहेरचा कट्टा यांच्याशी सिगारेटची जुळलेली गाठ सुटते ती यानेच.

बिघडतं कुठे? सिगारेट निम्म्या झाल्या की माणूस प्रत्येक सिगारेट जास्त खोल आणि फिल्टरपर्यंत ओढतो. आकडा निम्मा होतो, धूर निम्मा होत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: थोटकं पूर्वीपेक्षा आखूड दिसतात. दुसरा घोळ सुट्या सिगारेटचा. महाराष्ट्रात त्यांच्या विक्रीवर 2020 पासून बंदी आहे, पण टपरीला ते कोण सांगणार? म्हणून दिवसाच्या 10 किंवा 5 सकाळीच मोजून डबीत घ्यायच्या आणि बाकीचं पाकीट घरी ठेवायचं.

दोन वेळांच्या मधल्या तलफेसाठी गम चांगला आहे, हे कबूल. पण सिगारेटचं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, गमला कित्येक मिनिटं लागतात. त्यामुळे चहाची सुट्टी 11 ची असेल तर गम पावणेअकराला तोंडात हवा. तोही च्युइंगमसारखा चघळायचा नाही. मिरमिरायला लागलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, मिरमिर गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचा, असा अर्धा तास. भराभर चावला तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, मग उचक्या आणि जळजळ. कॉफी किंवा थंड पेय घेतल्यावर 15 मिनिटं थांबायचं, नाहीतर आम्लामुळे तोंडातून निकोटिन नीट शोषलंच जात नाही. वाया गेलेला गम किती रुपयांना पडतो ते पाकिटावर बघून घ्या.

पाचपैकी तीन तारे. कापलेले दोन त्या कागदाचे. तारीख ठरवायची तयारी नसेल तर गमचं पाकीट घेऊच नका, आणि ठरवणार असाल पण वेळापत्रक पाळायचा कंटाळा असेल तर एकदम बंद करा.