1300 फेरे कुणाला हवेत?

वस्तू विकताना वैशिष्ट्य, फायदा आणि लाभ या तीन वेगळ्या गोष्टी असतात. मालवणच्या दुकानात भर जुलैत एक काकी सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन बघतात. विक्रेता सांगतो, "ड्रायर मिनिटाला 1300 फेरे मारतो." हे झालं वैशिष्ट्य, ते पुठ्ठ्याच्या खोक्यावरही छापलेलं असतं. "700 फेऱ्यांच्या मशीनपेक्षा हा पाणी जास्त काढतो," हा झाला फायदा. तो मशीनचाच, आणि कुणालाही तोच.

लाभ मात्र काकींच्या घरात असतो, म्हणून आधी विचारावं लागतं: "पावसात कपडे कुठे वाळत घालता?" त्या म्हणतात, "पडवीत. नातवाचा युनिफॉर्म दोन दिवस ओलाच." आता बोला: "पिळून निघाला की पडवीत, पंख्याखाली लवकर वाळेल, कुबट वासही कमी."

पण "कोरडा होऊन येईल" म्हणू नका. ड्रायर पाणी झटकतो, वाळवत नाही. काकी आठवड्यात तक्रार घेऊन येतील.

तेच 1300 फेरे गच्चीवर कपडे वाळवणाऱ्याला एप्रिलात सांगा, तो मान डोलावेल नि किंमत विचारेल. त्याला कदाचित न गंजणारी प्लास्टिक बॉडी पटेल, खाऱ्या वाऱ्यात घर असेल तर.