रोजच्या केसांसाठी स्ट्रेटनर की ड्रायर? आणि स्प्रेचा वाटा किती?

लातूरला माझे पार्लर आहे. माझी भाची अंबाजोगाईहून इथे शिकायला आली, तेव्हा तिच्यापुढे दोन पर्याय होते. स्ट्रेटनर चालू ठेवून त्याच्या जोडीला महागातला हीट प्रोटेक्टंट स्प्रे घ्यायचा, किंवा स्ट्रेटनर बाजूला ठेवून ड्रायर आणि गोल ब्रशची सवय लावायची. तिचे केस खांद्याखाली वीतभर, जाड आणि थोडे लहरी आहेत. ती सकाळी डोके धुऊन, पंच्याने टिपून, केस दमट असतानाच 210 अंशांवर प्रेसिंग करीत असे. पुढच्या बटांमध्ये तीन-चार इंचांवर तुटलेले केस उभे राहू लागले होते आणि काही केसांवर मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके दिसत होते. निर्णय घेण्यापूर्वी ही दोन उपकरणे केसाला वेगवेगळ्या रीतीने कशी तापवतात, हे पाहणे आवश्यक आहे.

ड्रायर हवा तापवतो. तोंडाशी ती बरीच गरम असली, तरी अंतर वाढले की तिचा ताव झपाट्याने उतरतो. कोरियातील संशोधकांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात 15 सेंटिमीटरवर सुमारे 47 अंश, 10 सेंटिमीटरवर 61 अंश आणि 5 सेंटिमीटरवर 95 अंश तापमान मोजले गेले. तापमान वाढले तशी केसाच्या वरच्या खवल्यांची, म्हणजे क्युटिकलची, झीज वाढली. आतला गाभा मात्र शाबूत राहिला. शिवाय केस ओला असेपर्यंत उष्णतेचा मोठा भाग पाण्याची वाफ करण्यातच खर्च होतो. त्यामुळे ड्रायरने बिघडते ते बहुतेक वेळा शेवटी, केस वाळून गेल्यावरही हवा एकाच जागी धरून ठेवल्याने. त्याच प्रयोगात आपोआप वाळू दिलेल्या केसांच्या पेशींना जोडणारा थर फुगलेला आढळला, बहुधा तो केस फार वेळ ओला राहिल्यामुळे. आपल्याकडे चैत्र-वैशाखात गच्चीवर थोडा वेळ बसले की केस वाळतात, तेव्हा त्या चिंतेत फारसा जीव नाही; ती श्रावणातल्या दमट दिवसांपुरती ठेवावी.

स्ट्रेटनरमध्ये हवा मध्ये नसते. तापलेली पट्टी थेट केसाला भिडते, आणि केस इतका बारीक असतो की पट्टीला टेकलेला केस सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात जवळजवळ तिच्याइतका तापतो. केस सरळ होण्याचे कारण असे की केसातल्या केराटिन या प्रथिनाच्या साखळ्यांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध उष्णतेने सुटतात आणि थंड होताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. हे काम 150 ते 180 अंशांतही होते. कोरड्या केसातल्या केराटिनची मूळ घडी साधारण 220 अंशांच्या पुढे मोडते, पण केसात पाणी असेल तर तीच घडी त्याहून बरीच खाली मोडते. दमट केसावर पट्टी फिरवली की आतल्या पाण्याची एकदम वाफ होते, तिला वाट मिळत नाही आणि गाभ्यात बुडबुडे तयार होतात. भाचीच्या केसांवरचे पांढरे ठिपके मला याच प्रकारचे वाटले. त्या जागी केस वाकवला की काडीसारखा मोडतो. पट्टीतून ‘चर्र’ असा आवाज आला, तर हाच प्रकार चालू आहे असे समजून थांबावे.

आता स्प्रेविषयी. बाटलीवरच्या घटकांमध्ये बहुधा डायमेथिकोन, अमोडायमेथिकोन किंवा सायक्लोपेंटासिलोक्सेन ही सिलिकोने असतात, आणि कधी काही पॉलिमर किंवा गव्हाची प्रथिने. सायक्लोपेंटासिलोक्सेन फवारा पसरवून उडून जाते आणि जड सिलिकोन केसावर पातळ थर धरून राहते. या थराचे पहिले काम घर्षण कमी करण्याचे असते. पट्टी अडखळत नाही, खवले ओरबाडले जात नाहीत आणि एकाच फेरीत बट सरळ होते, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या फेरीची गरज उरत नाही. दुसरे काम म्हणजे उष्णता किंचित सावकाश आणि सगळीकडे सारखी पोहोचवणे. हा थर केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ असतो, त्यामुळे तो पट्टीची उष्णता रोखून धरील अशी अपेक्षा ठेवू नये. ‘230 अंशांपर्यंत संरक्षण’ ही छापील ओळ वाचून पट्टी 230 वर नेणे म्हणजे पातळ सुती रुमाल घेऊन तापला तवा उचलण्यासारखे आहे. स्प्रे पाण्याचा किंवा अल्कोहोलचा असेल, तर मारून झाल्यावर तो पूर्ण वाळला पाहिजे. नाहीतर ज्या ओलाव्यापासून वाचायचे, तोच आपण नव्याने लावलेला असतो.

खोबरेल तेल स्प्रेची जागा घेऊ शकत नाही. धुण्याआधी लावलेले तेल केसात मुरते आणि धुताना होणारी प्रथिनांची गळती कमी करते, हा त्याचा खरा गुण. पण घाण्याचे तेल साधारण 175 अंशांच्या आसपास धूर सोडू लागते आणि तेल लावलेली बट पट्टीखाली चिकटून राहते. प्रेसिंगच्या दिवशी तेल नकोच.

भाचीचा हिशेब मी कागदावर मांडला. तिच्या बटेची लांबी सुमारे 45 सेंटिमीटर, पट्टीची रुंदी अडीच सेंटिमीटर आणि एका फेरीला 9 सेकंद, म्हणजे प्रत्येक बिंदूवर पट्टी अर्धा सेकंद राहते. सहा दिवस तीन-तीन फेऱ्या धरल्या, तर आठवड्याला 18 फेऱ्या, म्हणजे 9 सेकंद, आणि तेही दमट केसावर 210 अंशांत. आठवड्यातून दोनदा, पूर्ण वाळलेल्या केसावर 170 अंशांत एकच फेरी केली, तर एक सेकंद भरतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणून तिच्या टोकाचा केस जवळपास पावणेचार वर्षांचा आहे, आणि या काळात जितकी आच लागली ती सगळी त्याच्याच खात्यावर जमा झाली आहे. मेलेला केस भरून येत नाही.

म्हणून रोजच्या वापरासाठी मी ड्रायरच्या बाजूने आहे. 15 सेंटिमीटर अंतर, मध्यम उष्णता, हात सतत हलता आणि शेवटी थंड हवा. लग्नसराईत किंवा तोंडी परीक्षेसाठी नीटनेटके दिसायचे असेल, तेव्हा स्ट्रेटनर जरूर काढावा. आधी ड्रायरने केस पूर्ण वाळवावेत, स्प्रे मारून तोही वाळू द्यावा, बोटभर जाडीची बट घ्यावी आणि फेरी एकच करावी. बारीक, रंगवलेल्या किंवा ब्लीच केलेल्या केसांना 130 ते 150 अंश पुरे होतात, मध्यम केसांना 150 ते 170 आणि फार जाड केसांना 185 पर्यंत. तापमानाचा आकडा न दाखवणारा, नुसते चालू-बंद असणारा स्ट्रेटनर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. बोअरच्या जड पाण्याने केस आधीच राठ लागत असतील, तर त्यावर पट्टीचा ताव वाढवणे हा इलाज नव्हे. राठपणा क्षारांचा असतो आणि उष्णतेने क्षार जात नाहीत.

भाचीने ड्रायर घेतला, स्प्रेची लहान बाटली घेतली आणि पांढरे ठिपके असलेली टोके दोन इंच कापून टाकली. स्ट्रेटनर तिने विकला नाही. तो चुलत बहिणीच्या लग्नासाठी कपाटात ठेवला आहे.