तीन तुकडे की एक वजाबाकी?

1/(k(k+1)(k+2)) ची k = 1 पासून n पर्यंत बेरीज करायची आणि मग लिमिट घ्यायचं. शिकवणीला हे गणित मी वर्षानुवर्षं दोन्ही रीतींनी करून दाखवत आलोय.

पहिली रीत सगळ्यांच्या हाताखालची. छेदातला प्रत्येक अवयव सुटा केला की पद असं होतं:

1/(2k) − 1/(k+1) + 1/(2(k+2))

पुढे k = 1, 2, 3 घालून ओळी एकाखाली एक लिहायच्या आणि काटाकाटी करायची. 1/3 ला 1/6 − 1/3 + 1/6, म्हणजे शून्य. मधली सगळी पदं अशीच, तिघं मिळून उडतात. माझं बिनसतं ते टोकांना. 1/2 हे पद दोनच ओळींत येतं, पहिलीत −1/2 आणि दुसरीत +1/4, म्हणून −1/4 शिल्लक राहतं. काटाकाटीच्या भरात ते हमखास सुटतं. शेवटी 1/(n+1) चंही तसंच, दोनच ओळींत येतं आणि −1/(2(n+1)) उरतं. एकदा फळ्यावर मी स्वतःच −1/4 विसरलो आणि लिमिट 1/2 काढून मोकळा झालो. मागच्या बाकावरच्या मुलीनं n = 1 घालून पाहिलं: पहिलं पद 1/6 आणि माझं सूत्र देतंय 5/12. तेव्हापासून n = 1 घातल्याशिवाय मी उत्तराला चौकट करत नाही.

दुसऱ्या रीतीत छेद पूर्ण फोडायचाच नाही. (k+2) − k = 2 एवढं वापरलं की पद होतं:

(1/2)[1/(k(k+1)) − 1/((k+1)(k+2))]

कंसातलं दुसरं पद म्हणजे पहिल्यातच k च्या जागी k+1. त्यामुळे काटाकाटीत चुकायला वाव नाही. पहिलं डोकं आणि शेवटची शेपटी तेवढी उरते:

Sₙ = 1/4 − 1/(2(n+1)(n+2))

n = 1 ला 1/4 − 1/12 = 1/6. जुळलं. लिमिट 1/4.

पण दुसरी रीत सगळीकडे चालत नाही, हेही सांगायला हवं. छेद k(k+1)(k+3) असला, मधला k+2 गायब असला, की ती वजाबाकी सहजी सुचत नाही. तिथे मी निमूट पहिल्या रीतीकडे वळतो: सहगुणक 1/3, −1/2, 1/6, लिमिट 7/36. सहगुणकांची बेरीज शून्य येते का, ते आधी पाहायचं. नाही आली तर एक तर फोडताना चूक झालीय, नाहीतर श्रेणीच अपसारी आहे. आणि काटाकाटी होण्याआधी तीन बेरजा वेगवेगळ्या अनंताकडे कधीच न्यायच्या नाहीत, प्रत्येक एकटी अनंतच होते.

तुमचा हात काटाकाटीत पक्का असेल तर पहिली रीत खुशाल धरा. मी मात्र छेदात ओळीनं अवयव दिसले की आधी वजाबाकीच शोधतो.