आठ महिन्यांच्या वापरानंतर: वीज जाणाऱ्या जागी चित्रीकरणासाठी पॉवर स्टेशन

गेले आठ महिने मी 1024 वॉट-तास क्षमतेचे, लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचे एक पॉवर स्टेशन, म्हणजे सॉकेट असलेली, उचलून नेता येणारी मोठी बॅटरी, चित्रीकरणासाठी वापरत आहे. घेताना हेतू अगदी सरळ होता. वीज गेली की ते आपोआप सुरू व्हावे, दिवे चालू राहावेत आणि टेक वाया जाऊ नये, एवढेच हवे होते. आज ते यंत्र माझ्या प्रत्येक चित्रीकरणात असते, परंतु ज्या कामासाठी घेतले होते त्या कामासाठी मी ते जवळजवळ वापरतच नाही. हा बदल का झाला, हेच या अनुभवात प्रामुख्याने लिहीत आहे.

आधी हिशेब, कारण पहिली चूक तिथेच झाली. माझी नेहमीची मांडणी एका खोलीतील दोन व्यक्तींच्या संवादाची आहे. त्यात चेहऱ्यावर मुख्य प्रकाश देणारा 200 वॉटचा एक एलईडी की लाइट सॉफ्टबॉक्समधून, सावल्या उजळणारे एक लहान पॅनेल फिल म्हणून, चौकटीत दिसणारा टेबललॅम्प, मॉनिटर आणि कॅमेरा एवढे असते. भिंतीच्या सॉकेटला लावायच्या वॉटमीटरने प्रत्येकाची खरी ओढ मोजली, तेव्हा की लाइट मी ठेवते त्या तीव्रतेला 130 वॉट, पॅनेल 24, दिवा 9 आणि मॉनिटर 15, असे एकूण 178 वॉट भरले. 1024 ला 178 ने भागले की पावणेसहा तास येतात आणि मी तेवढ्याच भरवशावर पहिले वेळापत्रक आखले होते. प्रत्यक्षात साडेचार तासांच्या थोडे पुढे यंत्र बंद पडले.

याचे कारण असे की बॅटरीतील वीज सॉकेटच्या विजेत बदलताना साधारण दहावा हिस्सा वाया जातो, आणि त्याखेरीज हा बदल करणारा इन्व्हर्टर नुसता चालू राहण्यासाठी स्वतःच वीज खातो. माझ्या यंत्रात ही ओढ सुमारे 14 वॉट आहे. 178 वॉटच्या मांडणीसाठी बॅटरीतून 212 वॉट जातात, कॅमेऱ्याचे 11 मिळवले की 223 होतात, आणि मग साडेचार तासांचे कोडे सुटते. मोठ्या भारात हे 14 वॉट फारसे जाणवत नाहीत, पण नुसता मॉनिटर आणि एखादा चार्जर मिळून 20 वॉटचा भार दिवसभर इन्व्हर्टरवर ठेवला, तर बॅटरीतील जवळजवळ निम्मी वीज उपयोगाला न येताच संपते. म्हणून कॅमेरा मी यंत्राच्या, इन्व्हर्टर न लागणाऱ्या यूएसबी-सी पोर्टवरून चालवते, आणि दिवे लागलेले नसतात तेव्हा इन्व्हर्टरचे बटण आठवणीने बंद करते.

आता ज्या दिवसाने सगळी पद्धत बदलली, त्याविषयी. दुसऱ्या महिन्यात एका लांब टेकच्या मध्यावर वीज गेली. यंत्र भिंतीच्या सॉकेटला जोडलेले होते, दिवे यंत्राला जोडलेले होते, आणि माहितीपत्रकाप्रमाणे 20 मिलिसेकंदांत बॅटरीकडे बदल होणार होता. तो झालाही, मात्र तेवढ्या क्षणभराच्या खंडाने की लाइट स्टँडबायमध्ये गेला आणि तसाच राहिला, कारण वीज तुटून परत आली की आपणहून पूर्ववत न होणाऱ्या दिव्यांपैकी तो एक होता. पॅनेल आणि टेबललॅम्प चालू राहिले. कलाकारांनी दृश्य थांबवले नाही, परंतु चेहऱ्यावर प्रकाशच नव्हता. त्याच दिवशी दुसरा कॅमेरा डमी बॅटरीवर, म्हणजे बॅटरीच्या जागी बसवून वायरने वीज देणाऱ्या साधनावर होता आणि त्याचा अडॅप्टर थेट भिंतीत होता. तो एका क्षणात बंद पडला आणि फाइल नीट बंद न झाल्यामुळे ती क्लिप उघडलीच नाही.

त्यानंतर मी एक चाचणी करू लागले, आणि नवे यंत्र किंवा नवा दिवा घेणाऱ्या प्रत्येकाने ती करावी असे मला मनापासून वाटते. सगळे दिवे लावावेत, कॅमेरा रेकॉर्डिंगवर ठेवावा आणि भिंतीवरचा स्विच दहा वेळा बंद-चालू करावा. नंतर ते फुटेज एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहावे. दिवा डोळ्यांना अखंड चालू वाटला, तरी 1/50 सेकंदाच्या शटरला 20 मिलिसेकंदांचा खंड म्हणजे एका संपूर्ण फ्रेमचा प्रकाश असतो. माझ्या पॅनेलच्या बाबतीत दहांपैकी तीन वेळा एक फ्रेम स्पष्ट काळवंडलेली दिसली. संकलनात ती फ्रेम काढता येते, पण संवादाच्या मध्यावर ती आली असेल तर ते काम सोपे राहत नाही.

म्हणून आता टेक चालू असताना यंत्र भिंतीला जोडलेलेच नसते. चौकटीला प्रकाश देणारा प्रत्येक दिवा पहिल्यापासून बॅटरीवर असतो, आणि भिंतीतील वीज केवळ टेकच्या मधल्या वेळात यंत्र भरण्यासाठी वापरली जाते. जे आधीच बॅटरीवर आहे त्याला वीज गेल्याचा पत्ताही लागत नाही. दुसरा कॅमेराही डमी बॅटरीवरून काढून यूएसबी-सीवर आणला, आत त्याची खरी बॅटरी ठेवली, त्यामुळे बाहेरचा पुरवठा तुटला तरी आतली बॅटरी तो भार उचलते. हे दोन्ही कॅमेऱ्यांवर वायर ओढून पाहून खात्री केली आहे, कारण सर्वच कॅमेरे या बाबतीत सारखे वागत नाहीत.

या पद्धतीने एक अनपेक्षित फायदा झाला, तो म्हणजे खोलीतील दिव्यांचा प्रश्न सुटला. पूर्वी छतावरची ट्यूबलाइट चालू ठेवून आम्ही प्रकाशयोजना करत असू आणि तिचा थोडा उजेड नकळत फिलचे काम करत असे. वीज गेली की आमचे दिवे चालू राहूनही चित्र बदलायचे, सावल्या गडद व्हायच्या आणि आधीच्या टेकशी सातत्य तुटायचे. आता प्रकाशयोजना सुरू करण्यापूर्वीच खोलीचा मुख्य स्विच बंद करते. खिडकीतून समोरच्या घरांचा उजेड येत असेल, तर ती बाजू झाकते किंवा चौकटीबाहेर ठेवते, कारण वीज गेल्यावर तोही उजेड जाणार असतो.

टेबललॅम्पबाबत एक लहान सूचना. माझ्या यंत्रात विजेची वारंवारता 50 किंवा 60 हर्ट्झ अशी निवडता येते आणि ते हाती आले तेव्हा 60 वर होते. चित्रीकरणाच्या दिव्यांना त्याने फरक पडत नाही, पण स्वस्त घरगुती बल्ब 60 वर सेकंदाला 120 वेळा लुकलुकतो आणि 1/50 च्या शटरने चित्रात सरकते पट्टे दिसतात. वारंवारता 50 केल्यावर ते गेले.

बॅटरीवर काम करायचे ठरले की वेळ वाढवणे हाच मुख्य प्रश्न उरतो, आणि त्याचे सर्वांत चांगले उत्तर मला दिव्याच्या अंतरात सापडले. की लाइट 2 मीटरवरून 1.4 मीटरवर आणला की चेहऱ्यावरचा प्रकाश जवळजवळ दुप्पट होतो, म्हणजे तोच उजेड निम्म्या तीव्रतेत मिळतो. दिव्याची ओढ 130 वरून 70 वॉटवर आली. बॅटरीतील पाचवा हिस्सा राखीव ठेवून मांडणी पूर्वी 3 तास 40 मिनिटे चालायची, ती सव्वापाच तास चालू लागली. याची किंमतही आहे. दिवा जवळ आला की कलाकार अर्धा मीटर पुढे-मागे झाला तरी चेहऱ्याचा उजेड लगेच बदलतो, आणि पार्श्वभूमी तुलनेने अंधारी पडते. बसून होणाऱ्या संवादात हे चालते, हालचालीच्या दृश्यात चालत नाही. तिथे मी दिवा मागेच ठेवते आणि कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, एक स्टॉप म्हणजे दुप्पट करते.

पाचवा हिस्सा राखीव ठेवण्यामागे पडद्यावरचा टक्केवारीचा आकडा हे कारण आहे. या प्रकारच्या बॅटरीचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतो, त्यामुळे यंत्राला शिल्लक वीज आत-बाहेर गेलेल्या विजेच्या मोजणीवरूनच ठरवावी लागते. रोज थोडे वापरून थोडे भरले की त्या मोजणीत चूक साठत जाते. चौथ्या महिन्यात 18 टक्के दाखवणारे यंत्र काही मिनिटांत बंद पडले. तेव्हापासून महिन्यातून एकदा ते पूर्ण रिकामे करून पूर्ण भरते, आणि आकडा पुन्हा विश्वासार्ह होतो.

वीज परत येण्याच्या क्षणाचा विचार मी सुरुवातीला केलाच नव्हता. यंत्र मुळात 1000 वॉटहून अधिक वेगाने चार्ज होते. सुरुवातीच्या दिवसांत वीज आली, चार्जिंग पूर्ण वेगाने सुरू झाले, दिव्यांचा भारही भिंतीवर परतला आणि खोलीचा ब्रेकर पडला. तो पडला नाही तेव्हा यंत्राच्या पंख्याचा घरघराट ध्वनिमुद्रणात आला. आता अ‍ॅपमध्ये चार्जिंगची मर्यादा 300 वॉटवर ठेवली आहे. या वेगाने अर्धा तास मिळाला की सुमारे 130 वॉट-तास भरतात, म्हणजे आमच्या मूळ मांडणीला पस्तीस मिनिटे. ठिकाणी पोहोचताच वीज असेल, तर दिव्यांची जुळवाजुळव होईपर्यंतच बरीच बॅटरी भरून निघते. यंत्र शेजारच्या खोलीत ठेवून जाड तारेच्या एक्स्टेंशनने वीज आणते, त्यामुळे पंखा लागला तरी माइकपर्यंत पोहोचत नाही.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एवढी बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही. तशा प्रवासात मी दिव्याला थेट लावता येणाऱ्या, 100 वॉट-तासांच्या आतल्या व्ही-माउंट बॅटऱ्याच नेते, आणि माझा 200 वॉटचा दिवा अशा एका बॅटरीवर निम्म्याच तीव्रतेपर्यंत जातो. शिवाय यंत्र जड आहे आणि ते उचलून दिवसातून चार जागा बदलणे त्रासाचे होते.

आठव्या महिन्यात पुन्हा मोजणी केली, तेव्हा क्षमतेत मोजता येण्याजोगी घट दिसली नाही. तरीही आज पुन्हा खरेदी करायची असती, तर याहून मोठे यंत्र घेतले नसते. हेच ठेवून कॅमेरे, मॉनिटर आणि ध्वनीसाठी सुमारे 300 वॉट-तासांचे एक वेगळे लहान यंत्र घेतले असते, कारण सध्या दिव्यांनी बॅटरी संपवली की मॉनिटरही त्यांच्याबरोबरच बंद पडतो, आणि सुरू असलेला टेक नैसर्गिक उजेडात तरी पूर्ण करता येईल का, हे पाहण्याचे साधनच हाती राहत नाही.