WS-37397-9 आणि माझे 24,829 रुपये

आधीच सांगतो, मी हिंजवडीत आयटीत आहे. त्यामुळे "शिकलेली माणसंही फसतात!" हे वाक्य मला पुरेसं ऐकवून झालेलं आहे.

रात्री भाच्याबरोबर फुटबॉलची मॅच लावायची होती. पीएस4 हा गेमिंग कन्सोल साइन-इन होईना, स्क्रीनवर एरर कोड WS-37397-9. मी सर्चमध्ये टाकलं "पीएस4 नेटवर्क एरर कस्टमर केअर". सगळ्यात वर एक नंबर आला, लोगोसकट. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. "आयपी अनब्लॉक चार्ज" 1,180 रुपये (जीएसटी धरून बरं का, म्हणून खरं वाटलं), मग "परत मिळणारं डिपॉझिट" 4,999. आणि ते परत करण्यासाठी मोबाईलमध्ये स्क्रीन शेअरिंगचं ॲप, एका फॉर्मवर डेबिट कार्डाचा नंबर, आणि स्क्रीनवर आलेला ओटीपी त्याने आरामात वाचला. 18,650 गेले.

बिघाड टीव्हीखालच्या मशीनमध्ये आणि ॲप माझ्या मोबाईलमध्ये? तिथेच फोन आपटायला हवा होता. आणि त्याच्याही आधी, त्याने म्हटलं, "सर, NW असो वा WS, सगळं एकच असतं, नेटवर्क चिप गेली आहे." एकच नसतं! पहिली दोन अक्षरं हेच त्या कोडचं घराणं. NW म्हणजे बहुतेक वेळा आपल्या बाजूचं नेटवर्क: वायफाय, राउटर, डीएनएस. CE बहुतेक वेळा मशीन आणि गेमच्या सॉफ्टवेअरचं, SU सिस्टीम अपडेटचं. WS आलं की कन्सोल पीएसएनच्या, म्हणजे प्लेस्टेशनच्या ऑनलाइन नेटवर्कच्या, सर्व्हरपर्यंत पोहोचलेला असतो आणि नकार तिकडून येतो. चिप गेली असती तर तिथवर पोहोचलाच कसा असता? हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं. रात्री साडेअकराला, शिफ्टनंतर, कुणाला सुचतं?

पण घराण्यावर थांबूही नका. WS-37403-7 म्हणजे पीएसएनचं मेंटेनन्स, तिथे वाट बघण्याशिवाय काही करायचं नसतं. WS-37397-9 म्हणजे तुम्ही ज्या आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या ज्या पत्त्यावरून, येताय तो आयपी अडवलेला आहे. आडनाव एक, दुखणं वेगळं. म्हणून सर्च करताना पूर्ण कोड, मधल्या आडव्या रेघांसकट, अवतरणात टाका आणि साइट बांधून घ्या:

```
site:playstation.com "WS-37397-9"
```

"कस्टमर केअर", "नंबर", "हेल्पलाइन" हे शब्द सर्चमध्ये घालूच नका. ते घातले की नंबर विकणारेच वर येतात. एररचं उत्तर कुणी फोनवर देत असेल तर फोन ठेवा.

खरं कारण भाच्याने काढलं. "मामा, हॉटस्पॉट लावून बघितलंस का?" लावला. लगेच साइन-इन. म्हणजे मशीन ठीक, अकाउंट ठीक, घरच्या ब्रॉडबँडचा आयपी वाईट. हॉटस्पॉटवरही तोच कोड आला असता, तर गोष्ट वेगळी होती.

आता मी कुणाचं काय वाकडं केलं होतं की माझा आयपी अडवावा? राउटरच्या सेटिंगच्या पानावर WAN IP, म्हणजे राउटरला बाहेरून मिळालेला आयपी, बघितला, 100.72 ने सुरू होणारा. 100.64 पासून 100.127 पर्यंतचे आकडे दिसले की समजा तुमचा स्वतःचा पब्लिक आयपी नाहीच. याला सीजीनॅट म्हणतात: केबलवाला अनेक घरांना एकाच पब्लिक आयपीवरून बाहेर सोडतो. कर्वेनगरात त्या आयपीमागे आणखी कोण कोण आहे देव जाणे. त्यातल्या एकाने उद्योग केले की सगळ्यांचं दार बंद. राउटर बंद-चालू करून इथे फारसा उपयोग नाही, कारण अडवलेला आयपी तुमच्या राउटरकडे नसतोच. डीएनएस बदलूनही काही होत नाही, तो NW घराण्यातल्या काही कोडांचा उपाय आहे.

बँक म्हणते, स्क्रीन तुम्हीच दिलीत, ओटीपी तुमच्याच फोनवर आला, म्हणजे निष्काळजीपणा ग्राहकाचा. तक्रारीचा फॉर्म भरायला सांगितला, तर शाखेतला प्रिंटर बंद. चौकीत तर साहेबांनी हसून विचारलं, "गेमसाठी एवढे पैसे भरले?" गेमसाठी नाही हो, चोराला दिले! मग सायबरच्या टेबलाकडे, तिथून पुन्हा बँकेकडे, "व्यवहाराचे स्टेटमेंट शिक्का मारून आणा." शिक्का मारणाऱ्या मॅडम रजेवर. तोवर पैसे कुठल्या खात्यातून कुठे गेले असतील! तुमच्यावर वेळ आली तर चौकीत जाण्याआधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावा, आणि बँकेला त्याच मिनिटाला लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे निष्काळजीपणा आपला ठरला तरी कळवल्यानंतर जे जातं ते बँकेच्या अंगावर असतं. मला हे कुणीही सांगितलं नाही.

केबलवाल्याला फोन केला तर म्हणाला, "सर, यूट्यूब चालतंय ना? मग नेट बरोबर आहे." त्याच्याशी वाद घालू नका. "मला सीजीनॅटमधून काढा, पब्लिक आयपी द्या" एवढंच लेखी पाठवा. ते पाठवल्यावर त्याने वर्षाचे 1,500 वेगळे घेतले आणि राउटरवरचा आकडा बदलला. पीएस4 त्याच संध्याकाळी लागला. बँकेच्या फॉर्मवर मात्र अजून "प्रक्रियेत" लिहून येतंय.