‘२१ दिवसांत गुण, नाहीतर पैसे परत’ : त्या गॅरंटीमागचं गणित

एसटी स्टँडच्या मुतारीत डोळ्यांसमोरच चिकटवलेला तो पिवळा कागद तुम्हीही पाहिला असेल. गुप्तरोग, शंभर टक्के खात्री, नाव गुप्त, खाली मोबाइल नंबर. मी ज्याच्याकडे गेलो त्याच्या कागदावर आणखी एक ओळ होती : २१ दिवसांत गुण, नाहीतर पैसे परत. एवढ्या छातीठोकपणे लिहितोय म्हणजे काहीतरी असणार, असंच कुणालाही वाटेल. फसवणूक त्या एका ओळीत आहे, म्हणून ती उलगडून सांगतो.

श्रावण संपता संपता बाहेर संबंध आला होता, निरोध नव्हता. त्यावर इथे चर्चा नको. गणपतीच्या सुमारास लिंगाच्या टोकाजवळ एक फोड आल्यासारखं दिसलं आणि दोनेक दिवसांत त्याची जखम झाली. एकच. हरभऱ्याच्या डाळीएवढी, गोल, तळ स्वच्छ लालसर, पू नाही, आणि दुखणं अजिबात नाही. बोटांत धरली की शर्टाचं बटण कातडीखाली शिवल्यासारखी कडक लागायची. दोन्ही जांघांत गाठीही आल्या होत्या, त्यासुद्धा न दुखणाऱ्या. आग नाही, लघवीला त्रास नाही. रात्री कंपनीत मशिनवर उभा राहून पाळी करत होतो, तरी जाणवत नव्हती.

त्याचा ‘दवाखाना’ म्हणजे एका लॉजच्या जिन्याखालची खोली. भिंतीवर कसलीशी सर्टिफिकिटं, काचेच्या बरण्या, आणि समोर खलबत्ता. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, “दुखतं का?” मी नाही म्हणालो. तो हसला. “मग घाबरताय कशाला? अंगातली गर्मी बाहेर पडतेय. दुखलं असतं तर काळजी होती.”

हे वाक्य सरळ उलटं आहे, हे मला पुढे कळलं. जननेंद्रियावर बारीक फोडांचा घोस आणि आग असेल तर नागिणीच्या जातीतला हर्पिस असू शकतो, मऊ आणि ठणकणाऱ्या जखमा असतील तर आणखी वेगळा आजार. पण एकच, कडक आणि न दुखणारी जखम दिसली की त्वचारोगतज्ज्ञ आधी सिफिलिसचा, म्हणजे उपदंशाचा विचार करतात. नुसत्या नजरेने खात्री कुणालाच देता येत नाही, म्हणून रक्त तपासायचं. न दुखणं ही दिलाशाची गोष्ट नाही, तीच संशयाची खूण आहे.

मी रक्त तपासायचं का म्हणून विचारलं होतं. तो लगेच हो म्हणाला, हे मला फार भारी वाटलं. खोटा माणूस तपासणीला घाबरेल असा आपला हिशोब असतो. त्याने चिठ्ठीवर व्हीडीआरएल ही सिफिलिसची रक्ततपासणी लिहिली, जवळच्या लॅबमध्ये पाठवलं. लॅब खरी, रिपोर्टही खरा : नॉन रिअॅक्टिव्ह. “बघा, काही नाही,” म्हणत त्याने तो कागद मलाच ठेवायला दिला.

हा त्याचा सगळ्यात पक्का डाव होता. जखम दिसल्यावर व्हीडीआरएल पॉझिटिव्ह व्हायला एक ते चार आठवडे लागू शकतात. नव्या कोऱ्या जखमेत तपासलं तर आजार असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो. टीपीएचए ही सिफिलिसची दुसरी रक्ततपासणीसुद्धा अगदी सुरुवातीला चुकू शकते. म्हणून जाणकार डॉक्टर पहिल्या निगेटिव्ह रिपोर्टवर थांबत नाहीत, काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात आणि संबंधाला तीन महिने झाले की आणखी एकदा. जखम तशीच संशयास्पद असेल तर बरेचदा रिपोर्टची वाट न पाहता इंजेक्शनही देतात. त्या जिन्याखालच्या माणसाला हे माहीत होतं की नाही, देव जाणे. माझा अंदाज, पक्कं माहीत होतं.

मग औषध. फी दोनशे, ती आधीच घेतली. “भस्म घालावं लागेल, साडेचारशे.” मी मान डोलावली. त्याने बरण्यांतून कायकाय काढलं, खलात घोटलं, काट्यावर तोललं आणि म्हणाला, “चाळीस ग्रॅम झालं, अठरा हजार.” साडेचारशे हा एका ग्रॅमचा भाव होता, हे घोटून झाल्यावर कळलं. परत घ्या म्हटलं तर “घोटलेलं औषध आता दुसऱ्या कुणाला देऊ? तुमच्या नावाचं आहे.” दारात दोन पोरं येऊन उभी राहिली. सहा हजार फोनवरून गेले, उरलेले एटीएममधून काढून आणले. त्यातला एक पोरगा सोबत होता. पावती नाही. पुड्या मधातून घ्यायच्या, आंबट-तिखट बंद, आणि “दुसऱ्या डॉक्टरचं औषध मध्ये घेतलं तर गॅरंटी संपली.”

आणि गुण आला! दसऱ्याच्या आत जखम भरली, डागसुद्धा धड दिसेना. मी त्याला फोन करून आभार मानले, हे सांगायला आता राग येतो.

आता ते गणित. सिफिलिसची पहिली जखम संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी येते, कधी नऊ दिवसांत तर कधी नव्वदाव्या दिवशीही. आणि ती काहीही न करता तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरते. माणूस दोन-चार दिवस वाट बघतो, मग धीर करून जातो. तिथून २१ दिवस मोजले की जखम भरायची वेळ येतेच. पुडीत भस्म असो, राख असो की पिठीसाखर, गॅरंटी पाळली जाते. पैसे परत मागायला कुणी येतच नाही, उलट चार मित्रांना नंबर देतो. जखम भरली तरी जंतू मेलेले नसतात, तोवर ते रक्तातून सगळ्या अंगभर गेलेले असतात.

दिवाळीच्या सुमारास अंगात कसकस, घसा धरलेला, आणि छाती-पाठीवर फिकट डाग. खाज नाही. तळहातांवर आणि तळपायांवर तांबूस, तपकिरी छटेचे गोल ठिपके, काहींच्या कडेला बारीक पापुद्रा सुटलेला. मला वाटलं कूलंट ऑइलची अॅलर्जी. कंपनीच्या डॉक्टरांनाही आधी तेच वाटलं, पण त्यांनी बूट-मोजे काढायला सांगितले आणि तळपाय बघून थेट सरकारी रुग्णालयाच्या त्वचा व गुप्तरोग विभागात पाठवलं. तिथल्या मॅडमनी तळहात उजेडात धरून एकच विचारलं, “गेल्या दोन-तीन महिन्यांत खाली जखम झाली होती का? न दुखणारी, आपोआप भरलेली?”

या वेळी व्हीडीआरएल रिअॅक्टिव्ह, १:६४, म्हणजे रक्तातलं पाणी चौसष्टपट पातळ केलं तरी पॉझिटिव्ह. टीपीएचए पॉझिटिव्ह. एचआयव्ही निगेटिव्ह, पण तीही तीन महिन्यांनी पुन्हा करायला लावली.

मी त्यांना तो जुना कोरा रिपोर्ट दाखवला. त्या म्हणाल्या, “रिपोर्ट खोटा नाही, तारीख बघा. ही तपासणी फार लवकर झाली.” मग हेही सांगितलं की हे डागसुद्धा उपचाराशिवाय जातील, आणि तेव्हा तो परत म्हणेल, बघा, बरं केलं. त्यानंतर आजार वर्षानुवर्षं गप्प बसतो. उपचार न झालेल्यांपैकी साधारण तिघांत एकाला पुढे हृदयाजवळची महाधमनी, मेंदू, हाडं असं कुठेतरी तो गाठतो. डोळ्याला आणि कानाला तर तो सुरुवातीच्या काळातही इजा करू शकतो.

उपचार काय, तर बेन्झाथिन पेनिसिलिन, २४ लाख युनिट, एकदाच. आधी हातावर टेस्ट डोस, मग बारा लाख एका कुल्ल्यात, बारा लाख दुसऱ्यात. पांढरं, दाट औषध असतं, जाड सुईने द्यावं लागतं, आणि दुखतं. त्या रात्री थंडी वाजून ताप आला, अंग मोडून आलं. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं : जंतू एकदम मरताना असं होतं, दिवसभरात उतरतं, याला औषधाची अॅलर्जी समजू नका. पेनिसिलिन खरोखर चालत नसेल त्याला डॉक्सीसायक्लिन दिवसातून दोनदा १४ दिवस देतात, आजार लवकरच्या टप्प्यातला असेल तर. आजार वर्षाहून जुना किंवा किती जुना ते कळतच नसेल, तर हेच इंजेक्शन आठवड्याला एक अशी तीन. माझ्या इंजेक्शनला, तपासण्यांना मिळून केसपेपरचेच काय ते पैसे लागले. अठरा हजार कुठे आणि हे कुठे.

बायको तेव्हा गरोदर होती. तिचं नाव नोंदवताना श्रावणात व्हीडीआरएल झाली होती, निगेटिव्ह. तो कागद दाखवून मी सुटू पाहत होतो. मॅडम म्हणाल्या, “तो रिपोर्ट तुमच्या जखमेच्या आधीचा आहे.” तिला बोलावलं, समोर बसवून मी सांगितलं, तो भाग आमच्या दोघांचा. तिचं रक्त घेतलं आणि रिपोर्ट यायच्या आधीच इंजेक्शन दिलं, कारण जोडीदाराला संसर्ग आहे म्हटल्यावर थांबायचं नसतं. गरोदरपणात पेनिसिलिनला पर्याय नाही आणि उशीर झाला तर मूल पोटात दगावू शकतं किंवा आजार घेऊन जन्मतं. तिचा रिपोर्ट पॉझिटिव्हच आला. इंजेक्शननंतर तापाने कळा सुरू होऊ शकतात म्हणून एक रात्र तिला रुग्णालयात ठेवलं. फाल्गुनात मुलगी झाली. तिचंही रक्त तपासलं, अंगावर काही नव्हतं, उपचार लागला नाही.

मी त्या जिन्याखाली पुन्हा गेलो. त्याने तळहात पाहिले आणि शांतपणे म्हणाला, “गॅरंटी जखमेची होती. जखम आहे का? ही वेगळी गर्मी, याचा कोर्स वेगळा.” कार्डावर नोंदणी क्रमांक नव्हता, विचारल्यावर पोरं पुन्हा दारात.

असली जाहिरात लावणंच गुन्हा आहे, हे फार जणांना ठाऊक नसतं. औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा आहे आणि सिफिलिससह गुप्तरोग बरे करण्याच्या जाहिरातींवर त्यात बंदी आहे. मी कागदाचा फोटो, कार्ड, फोनवरच्या पेमेंटची नोंद आणि उरलेल्या पुड्या जोडून पोलिसांत आणि औषध प्रशासनाकडे अर्ज दिला आहे. पुड्या फेकू नका, पुरावा तोच असतो. पैसे आलेले नाहीत.

सहा महिन्यांनी माझी व्हीडीआरएल १:८ वर आली. चौपट किंवा त्याहून जास्त उतरली की उपचार लागू पडला असं धरतात. टीपीएचए मात्र बहुतेकांची जन्मभर पॉझिटिव्ह राहते, ती बघून पुढे कुणी घाबरवलं तर जुना आणि नवा व्हीडीआरएल आकडा दाखवायचा, म्हणून सगळे रिपोर्ट एका फाइलीत लावले आहेत.

तुमची तशी जखम होऊन भरून गेली असेल, मग वर्ष का झालं असेना, तरी रक्तावरून अजून कळतं. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी मेडिकल कॉलेजात यासाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. केसपेपरच्या खिडकीवर ‘त्वचा व गुप्तरोग’ एवढंच म्हणायचं, कारण सांगावं लागत नाही. कुठे जायचं कळत नसेल तर १०९७ हा सरकारी फोन फुकट आहे. आत गेल्यावर मात्र जखम कधी आली, कधी भरली आणि संबंध कधी आला, या तीन तारखा आठवतील तितक्या नीट सांगा. रिपोर्टचा अर्थ त्यांवरून लागतो.