म्युच्युअल फंडाचे पैसे काढताना: खानापुरातून सात महिन्यांचा अनुभव

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराची कौलं यंदा पावसाआधी उतरवायची होती. गवंडी ॲडव्हान्स मागत होता, म्हणून जानेवारी २०२३ पासून दरमहा ५,००० रुपयांची एसआयपी चालू असलेल्या इक्विटी फंडातून पैसे काढायचं ठरवलं. फेब्रुवारी ते ऑगस्ट २०२५ मध्ये तीन वेळा युनिट विकली. तिन्ही वेळा पैसे आले, पण पहिल्या दोन वेळा माझा अंदाज चुकला. पैसे भरण्याबद्दल सगळे सांगतात, काढताना हिशोब कसा लागतो ते कुणी सांगत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिली विक्री शुक्रवारी, १४ फेब्रुवारीला केली. शाळा सुटल्यावर मोबाइलवर १,६०० युनिट रिडीम करायची विनंती टाकली तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. ही वीस मिनिटं महागात पडली. इक्विटी फंडात दुपारी तीनच्या आत विनंती पोचली तर त्याच दिवसाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, मिळते, तीननंतर पोचली तर पुढच्या कामाच्या दिवसाची. मध्ये शनिवार-रविवार, म्हणून मला सोमवारची, १७ तारखेची एनएव्ही लागली. विनंती टाकताना स्क्रीनवर दिसणारी किंमत आदल्या दिवशीची असते, तिच्यावर हिशोब मांडू नये. आपली खरी किंमत त्या दिवशी रात्रीच ठरते.

इक्विटी फंडांचे पैसे फेब्रुवारी २०२३ पासून एनएव्हीच्या दिवसानंतर दुसऱ्या कामाच्या दिवशी येतात. सोमवार धरून बुधवार, १९ तारीख. गवंड्याला मी बुधवारचा शब्द दिला. संध्याकाळपर्यंत खात्यात काही नाही. बँकेत जाऊन आले, तर तिथला क्लार्क म्हणाला, "बाई, आमच्याकडं अजून काही आलंच नाही." आणि खरंच आलं नव्हतं, कारण १९ फेब्रुवारीला महाराष्ट्रात शिवजयंतीची सुट्टी. त्या दिवशी शेअर बाजार चालू होता, पण मुंबईतल्या बँका बंद, त्यामुळे पैशांची देवघेव झालीच नाही. आपल्या बेळगावात शिवजयंती वैशाखात, चित्ररथांच्या मिरवणुकीनं होते. १९ तारखेला इथल्या बँका, शाळा नेहमीप्रमाणे चालू, म्हणून ती सुट्टी माझ्या ध्यानीमनीही नव्हती. पैसे गुरुवारी, २० तारखेला जमा झाले. शुक्रवार ते गुरुवार मोजलं तर सहा दिवस, पण नियमानं एकही दिवस उशीर नाही. आपलं खातं कर्नाटकातल्या शाखेत असलं तरी फंडाचं कॅलेंडर मुंबईचं, हे सीमाभागात राहणाऱ्यांनी पक्कं लक्षात ठेवायला हवं.

आता रक्कम. एनएव्ही ६२.४० रुपये होती, म्हणजे १,६०० युनिटचे ९९,८४० रुपये व्हायला हवेत. जमा झाले ९९,७७०.३६. हा फरक मी वही घेऊन बसून शोधला. आमच्या फंडात युनिट मिळाल्यापासून ३६५ दिवसांच्या आत विकलं तर एक टक्का एक्झिट लोड, म्हणजे लवकर बाहेर पडण्याची कपात, लागतो. एसआयपीत मात्र प्रत्येक हप्त्याचं वर्ष वेगळं मोजतात. पहिला हप्ता दोन वर्षांपूर्वीचा आहे म्हणून सगळी गुंतवणूक दोन वर्षांची होत नाही. विकताना सर्वांत जुनी युनिट आधी जातात. माझ्याकडे वर्ष उलटलेली १,४९० युनिट होती, त्यांच्यावर लोड शून्य. उरलेली ११० मार्च-एप्रिल २०२४ च्या हप्त्यांतली. त्यांचे ६,८६४ रुपये, त्याचा एक टक्का ६८.६४. त्याशिवाय सगळ्या विक्रीवर ०.००१ टक्का एसटीटी हा व्यवहारावरचा सरकारी कर, म्हणजे साधारण एक रुपया. हिशोब पैशाला पैसा जुळला. लोड नफ्यावर नाही, विक्रीच्या पूर्ण किमतीवर लागतो, त्यामुळे तोट्यात विकलं तरी तो कापला जातो. ही रक्कम फंड कंपनीच्या खिशात जात नाही, योजनेतच परत जमा होते, हे कळल्यावर मला त्याचा राग उरला नाही. मागे राहणाऱ्यांना आपल्या लवकर जाण्याचा भुर्दंड नको, एवढाच त्याचा अर्थ.

नफ्यावरचा कर इथे कापत नाहीत. तो आपण विवरणपत्र भरताना पाहायचा असतो, आणि त्यातही त्या ११० युनिटचा नफा अल्पकालीन धरला जातो.

दुसरी विक्री लोड टाळायचा म्हणून तारीख बघून केली, आणि तरीही फसले. मे २०२४ चा हप्ता ५ तारखेचा, म्हणून मी वर्षावर एक दिवस जाऊ दिला आणि ६ मे २०२५ ला तीनच्या बरंच आधी १३० युनिट विकली. तरी त्यातल्या ७६ युनिटवर ४५ रुपये आणि काही पैसे लोड लागला. स्टेटमेंट काढून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. ५ मे २०२४ ला रविवार होता. बँकेतून पैसे सोमवारी गेले, फंडापर्यंत मंगळवारी पोचले आणि युनिट मिळाल्याची तारीख पडली ७ मे. तो दिवस मला चांगला आठवतो, आपल्याकडे लोकसभेचं मतदान होतं आणि माझी ड्यूटी लागली होती. इथे सुट्टी, पण मुंबईत मतदान नव्हतं, तिथलं कामकाज चालू. म्हणजे विकलं तेव्हा ३६४ दिवस झाले होते. रक्कम किरकोळ आहे, पण हेच कुणी दोन लाख एकरकमी भरले असते तर एका दिवसापायी दोन हजारांच्या वर गेले असते. हप्त्याची तारीख किंवा पासबुकातली तारीख बघू नका. स्टेटमेंटमध्ये युनिट जमा झाल्याची तारीख असते, तीच धरा आणि वर दोन-तीन दिवस सोडा.

पैसे खात्यात येण्यातली खरी अडचण माझ्या जावेला आली. तिच्या फोलिओत, म्हणजे फंडाकडच्या तिच्या नोंदीत, जे बँक खातं होतं, त्या बँकेचं विलीनीकरण होऊन आयएफएससी कोड बदलला होता. विक्री झाली, एनएव्ही लागली, रक्कम निघाली आणि परत गेली. अशा वेळी ॲपवर व्यवहार पूर्ण झाल्याचंच दिसतं, त्यामुळे चूक बँकेची असं वाटत राहतं. ओळखायची खूण म्हणजे यूटीआर नंबर, बँकेतून पाठवलेल्या प्रत्येक रकमेला मिळणारा क्रमांक. फंडाकडून किंवा त्यांच्या रजिस्ट्रारकडून तो मागून घ्यायचा आणि आपल्या शाखेत दाखवायचा. त्या नंबरावर पैसे आलेले नसतील किंवा परत गेले असतील तर तिथेच कळतं. तिला नाव छापलेला रद्द केलेला चेक देऊन खातं बदलून घ्यावं लागलं, आणि त्यात जीव मेटाकुटीला आला. फंडाकडूनच तीन कामाच्या दिवसांपेक्षा उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दरानं व्याज मिळतं, पण आपल्या चुकीच्या कोडमुळे पैसे परत गेले तर त्यावर भांडता येत नाही. म्हणून विकायच्या महिनाभर आधी फोलिओतलं खातं आणि कोड तपासून घ्या.

तिसरी विक्री गणपतीच्या तोंडावर. गवंड्याचं शेवटचं बिल आणि रंगाचे पैसे चतुर्थीआधी द्यायचे होते. २७ ऑगस्टला बुधवारी चतुर्थी, बाजार बंद. सोमवारी विकलं असतं तर पैसे गुरुवारी आले असते. म्हणून शुक्रवारी, २२ तारखेला, मधल्या सुट्टीत विनंती टाकली. विकायची युनिट आधी मोजून घेतली होती, सगळी वर्ष उलटलेली. मंगळवारी दुपारी खात्यात रक्कम आली, लोडच्या रकान्यात शून्य. संध्याकाळी गवंड्याला पैसे मोजून दिले आणि मग मूर्ती आणायला गेलो.